हात्या ओढला जातो तेव्हा

मी काढलेलं विणकराचं एक जुनं छायाचित्र माझ्याकडे आहे. माणूस मागासमोर बसला आहे, धोटा चेहऱ्याजवळ उचलून धरला आहे आणि कॅमेऱ्याकडे बघून हसतो आहे. खिडकीतला उजेड त्याच्या केसांवर छान पडला आहे. ते छापून आलं तेव्हा कौतुकही झालं होतं. पुढे काही वर्षांनी येवल्यात पैठणी विणणाऱ्या एका काकांना मी ते दाखवलं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हा काम थांबवून बसलाय." मग मागावरच्या कापडावर बोट ठेवून पुढे म्हणाले, "आणि इथं पदर चाललाय. पदरात धोटा कशाला घेईल कुणी हातात?"

त्या दिवसापासून मी विणकरांची छायाचित्रं वेगळ्या रीतीने काढू लागलो. ही गोष्ट त्याच काकांच्या छायाचित्राची आहे. हातमागाच्या साड्या विकणाऱ्या एका छोट्या उद्योगाला साडीसोबतच्या माहितीपत्रकासाठी विणकराचं एक छायाचित्र हवं होतं. त्यांच्या तीन अपेक्षा होत्या. माग बरोबर दिसावा, माणसाचा मान राहावा आणि उजेड नैसर्गिक असावा. कागदावर या तीन वेगळ्या अटी होत्या. प्रत्यक्षात एक सांभाळली की बाकीच्या दोन आपोआप सांभाळल्या जातात, हे मला काकांच्या घरात कळलं.

मनमाडहून कोपरगावकडे जाताना येवलं लागतं. गावातल्या कितीतरी घरांत पुढच्या खोलीतच माग असतो. काकांचा खड्डामाग आहे. जमिनीत खड्डा, खड्ड्याच्या काठावर बैठक आणि पाय खाली सोडलेले. पायाखाली पावड्या. पावडी दाबली की वर दोऱ्यांनी टांगलेल्या वह्या वर-खाली होतात. या वहीचा शाळेच्या वहीशी संबंध नाही. ताण्याचा प्रत्येक उभा धागा ज्या फासांतून ओवलेला असतो, त्या फासांची ही चौकट. एक वही उचलली आणि दुसरी खाली गेली की ताण्याचे धागे दोन थरांत विभागतात आणि मधे फट पडते. त्या फटीतून आडवा धागा, म्हणजे बाणा, जातो. तो गेल्यावर विणकर हात्या आपल्याकडे ओढतो. हात्या म्हणजे पुढे-मागे झुलणारी जड लाकडी चौकट. तिच्यात फणी बसवलेली असते आणि ती फणी नुकताच घातलेला धागा आधीच्या कापडावर घट्ट ठोकून बसवते. तयार झालेलं कापड विणकराच्या पोटाशी असलेल्या लाकडी रुळावर गुंडाळलं जातं.

साडीच्या अंगात धोटा चालतो. धोट्याच्या पोटात कांडी, कांडीवर बाण्याचा धागा. पैठणीच्या पदरात मात्र रीत बदलते. तिथे जरीच्या जमिनीवर रेशमाची नक्षी असते आणि प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या जागेपुरताच आडवा जातो. मोराच्या गळ्याचा निळा धागा गळ्याच्या कडेला पोचला की शेजारच्या धाग्यात अडकतो आणि परत फिरतो. म्हणून प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली लागते. तिल्ली म्हणजे धागा गुंडाळलेली बारीकशी काडी. त्या सकाळी काकांच्या पदरावर मी बावीस तिल्ल्या मोजल्या. मागच्या बाजूला कुठेही मोकळा धागा लोंबत नाही, त्यामुळे पैठणीचा पदर उलटा केला तरी नक्षी तशीच दिसते.

हे सगळं सांगायचं कारण आहे. छायाचित्रात हात कुठे असावेत हे फोटोग्राफर ठरवत नाही. कापड विणून कुठवर आलं आहे त्यावर ते ठरतं. काठ आणि अंग चालू असेल तर हातात धोटा शोभतो, पदर चालू असेल तर तिल्ली. आणि तिल्ली चिमटीत धरायची असते, मुठीत नाही. अनोळखी वाचकाला हा फरक कळणार नाही, असं आपण सहज म्हणून जातो. पण ते छायाचित्र विणकराच्या घरातही पाहिलं जाणार असतं. त्याचा भाऊ, त्याचा शेजारी, त्याला काम शिकवणारा म्हातारा माणूस ते पाहणार असतो. त्यांच्यासमोर त्याला चुकीच्या हाताने बसवणं म्हणजे त्याची लाज काढणं. मान राखायचा म्हणजे काय, याचं माझ्यापाशी यापेक्षा सोपं उत्तर नाही.

पहिल्या दिवशी मी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. सकाळी आठपासून कोपऱ्यात बसून राहिलो आणि उजेड बघत राहिलो. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, जी इतकी वर्षं डोळ्यांसमोर असूनही दिसली नव्हती. मागाची जागा उजेड बघूनच ठरवलेली होती. काकांच्या डाव्या हाताला उत्तरेची खिडकी होती. उजव्या हाताची सावली कामावर पडू नये, म्हणून ती डावीकडे. हिवाळ्यात त्या खिडकीतून ऊन आत येत नाही, नुसता आकाशाचा शांत उजेड येतो. समोर, ताण्याच्या पलीकडे, पूर्वेचं दार होतं. सकाळी त्यातून तिरपं ऊन थेट ताण्यावर यायचं आणि जर डोळ्यांत घुसायची, म्हणून काकू दारावर जुनी साडी टाकून ठेवत. दहाच्या सुमाराला ऊन अंगणात उतरलं की ती साडी बाजूला व्हायची. मग अंगणाच्या फरशीवरून परतलेला मऊ उजेड समोरून आत यायचा. पदराचं बारीक काम काका नेमके तेव्हाच काढत. "दहा ते बारा डोळ्याला सुख असतं," ते म्हणाले. एका इंचात ताण्याचे कितीतरी धागे मोजावे लागतात, ते त्या दोन तासांत चुकत नाहीत.

म्हणजे छायाचित्रासाठी उत्तम उजेड कुठला, हे शोधायचं कामच उरलं नाही. विणकराला धागा मोजता येतो तो उजेड छायाचित्रालाही पुरतो. आपण वेगळे दिवे नेतो तेव्हा त्याने आयुष्यभर जपून लावलेली ही व्यवस्था आपण मोडतो.

दुसऱ्या दिवशी दहाला मी बसलो. कुठे बसायचं हा मोठा प्रश्न होता. खड्डामागावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून जेमतेम अडीच फुटांवर असतात. फोटोग्राफर उभा राहिला की कॅमेरा पाच फुटांवर जातो आणि माणूस खड्ड्यात बसलेला, खाली दबलेला दिसतो. टक्कल, खांदे, वाकलेली पाठ दिसते. चेहरा नाही. वर्तमानपत्रांतली विणकरांची निम्मी छायाचित्रं अशीच असतात आणि ती बघून लोकांना विणकराची दया येते. त्यात विणकराचा दोष नाही, कॅमेऱ्याच्या उंचीचा आहे. मी जमिनीवर मांडी घातली आणि कॅमेरा त्यांच्या छातीच्या पातळीला आणला. तेवढ्यानेच ते खड्ड्यात बसलेले न दिसता मागाशी बसलेले दिसू लागले.

अगदी समोरून छायाचित्र निघत नाही. मधे वह्या आणि त्यांच्या दोऱ्या येतात, चेहरा जाळीआड जातो. खिडकीच्या बाजूने काढावं तर उजेड आपल्या पाठीमागून येतो, सगळं सपाट दिसतं आणि कापडाचा पोत हरवतो. उरली उजवी बाजू, हात्याच्या थोडी पुढे. तिथून पोटाशी गुंडाळलेलं कापड, विणला जाणारा पदर, हात्या, त्यातली फणी, मागे वह्या आणि दाराकडे पळत गेलेला ताणा, असा माग विणण्याच्या क्रमाने दिसतो. अडचण एकच होती, भिंत आणि माग यांच्यात तीन फूटही जागा नव्हती. १८८४ साली न्यूनेन गावात विणकरांची चित्रं काढताना व्हॅन गॉगला हीच अडचण आली होती. खोल्या इतक्या लहान की मागापासून पुरेसं लांब जाता येत नाही, असं त्याने भावाला कळवलं होतं. अशा वेळी रुंद दिसणारं भिंग लावायचा मोह होतो. पण त्यात जवळचा हात प्रमाणाबाहेर मोठा होतो आणि कडेची लाकडं वाकडी दिसतात. मागाची लाकडं काटकोनात असतात. ती वाकडी दिसली तर त्यावर सरळ कापड विणलं जातं हे खरं वाटणार नाही. मी ३५ मिलिमीटरच्या पलीकडे गेलो नाही. माग कडेला थोडा कापला गेला तरी चालेल, पण हात्या आणि फणी पूर्ण हवी, एवढंच ठरवलं.

या बाजूने खिडकी समोर येते, म्हणून जर चमकते. पदर जरीचाच असल्यामुळे कॅमेरा गोंधळतो. चमक बघून तो सगळंच काळं करतो किंवा चेहरा बघून जर पांढरीफटक करतो. एकदा पांढरी झालेली जर नंतर कशानेही परत आणता येत नाही, तिथे धाग्याची नोंदच झालेली नसते. म्हणून मोजमाप जरीवर धरायचं. जरीतले धागे वेगळे दिसतील इतपतच उजेड घ्यायचा आणि चेहरा थोडा सावलीत गेला तर जाऊ द्यायचा. कॅमेरा वीतभर खाली-वर करून पाहिला तर चमक सरकते, हेही उपयोगी पडतं. सावलीतल्या गालासाठी मी काकूंकडून एक पांढरी चादर मागून घेतली आणि माझ्या मागच्या भिंतीवर टांगली. खिडकीचाच उजेड तिच्यावरून परतून चेहऱ्यावर आला. चंदेरी पत्रा वापरला असता तर त्याचे ठिपके जरीत उमटले असते.

खोलीत एक ट्यूबलाइटही होती. ती बंद करायला सांगायच्या आधी मी विचारलं, "काका, हिच्यावाचून चालेल का?" दिवा त्यांच्या कामासाठी असतो, माझ्या सोयीसाठी नाही. ते म्हणाले, दहानंतर ती लागतच नाही, सवयीनं राहते. ट्यूबलाइट आणि आकाश यांच्या उजेडाचे रंग वेगळे असतात. दोन्ही एकत्र आले की कापडाची एक बाजू हिरवट पडते आणि ती कुठल्याही एका दुरुस्तीने सुधारत नाही. शिवाय आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, त्यामुळे जुनी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते आणि वेगवान छायाचित्रात आडवे काळे पट्टे उमटतात. काकांच्या मागावरची साडी धूपछांव होती. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. कोनागणिक तिचा रंग पालटतो. म्हणून पदराशेजारी करड्या रंगाचं कार्ड ठेवून एक छायाचित्र घेतलं आणि पुढचे सगळे रंग त्याच्याशी जुळवले. छापील रंग पाहून साडी घेणारं गिऱ्हाईक हातात वेगळा रंग आला म्हणून ती परत पाठवतं, तेव्हा तोटा शेवटी मागावर येतो.

आता क्षण. तिल्ली घालताना विणकराचं डोकं पदरावर वाकलेलं असतं. त्या वेळी कपाळ दिसतं, डोळे नाहीत. तासभर मी वाकलेल्या डोक्याची छायाचित्रं काढत होतो आणि "काका, जरा वर बघा" हे वाक्य जिभेवर आणून गिळत होतो. मग लक्षात आलं की ते वर बघतातच. एका ओळीतल्या तिल्ल्या फिरून झाल्या की ते पाठ सरळ करतात, हात्या ओढतात, ठोकतात आणि ठोकल्यावर हात्या क्षणभर कापडाला टेकून थांबतो. तेवढ्यात नजर बसलेल्या ओळीवरून एकदा डावीकडून उजवीकडे फिरते. चूक झाली असेल तर ती तिथेच दिसते. त्या क्षणी हनुवटी वर असते, खिडकीचा उजेड कपाळावरून गालावर उतरतो, डोळे उघडे असतात आणि हात बरोबर जागी असतात. माणूस आपलं काम तपासत असतो. त्याच्या चेहऱ्यावर याहून चांगला भाव मी सांगून आणू शकलो नसतो.

हा क्षण दर ओळीला येतो, त्यामुळे घाई नव्हती. सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग एवढा वेग पुरला, कारण हात्या तेव्हा थांबलेला असतो. आधी घेतलं तर तो पुसट येतो, नंतर घेतलं तर डोकं पुन्हा खाली गेलेलं असतं. चाळीसेक ओळींत मला तीन छायाचित्रं मिळाली. पाय वेगळे काढले. खड्ड्यात उजेड फारच कमी, तिथे सेकंदाचा पंधरावा भाग लागला, पावडीवरचा पाय किंचित हलला. तो तसाच ठेवला.

या सगळ्यात ताण्याला धक्का लागू द्यायचा नाही, हे वेगळं सांगायला हवं. कॅमेऱ्याचा लोंबता पट्टा मी मनगटाला गुंडाळला होता. पट्ट्याची कडी रेशमात अडकली आणि चार धागे तुटले तर ते शोधून, वहीतून आणि फणीतून पुन्हा ओवून जोडावे लागतात. त्यात सकाळ जाते. चपला दाराबाहेरच काढल्या. खंडेनवमीला ज्या मागाची पूजा होते त्याच्यापाशी कुणी चपला घालून बसत नाही.

अडचण आली ती छायाचित्रं दिल्यानंतर. उद्योगाच्या कार्यालयातून निरोप आला की वरच्या दोऱ्या आणि ती भोकं पाडलेली पुठ्ठ्यांची माळ काढून टाकावी, चित्र स्वच्छ दिसेल. दोऱ्या पुसलेला एक नमुनाही त्यांनी पाठवला. त्यात वह्या हवेत तरंगत होत्या. मी तो काकांना दाखवला नाही. १८६० च्या दशकात मुंबईत विल्यम जॉन्सन नावाच्या छायाचित्रकाराने शहरातल्या निरनिराळ्या समाजांच्या लोकांचा छायाचित्रसंग्रह दोन भागांत काढला होता. त्यातली कितीतरी माणसं स्टुडिओत उभी करून टिपली आणि मग दुसऱ्याच देखाव्यावर जोडली. माणूस आहे, पण तो कुठे उभा आहे ते खोटं. तरंगणाऱ्या वह्या पाहून मला तो संग्रह आठवला.

पुठ्ठ्यांचा प्रश्न अधिक नाजूक होता. काकांच्या मागावर काठाची नक्षी पुठ्ठ्यांवर निघते. कुठले धागे उचलायचे हे पुठ्ठ्यातली भोकं ठरवतात आणि पायाच्या दाबाने ते उचलले जातात. वीज नाही, माग हाताचाच. पण माहितीपत्रकात वाक्य होतं, संपूर्ण नक्षी धागे मोजून हाताने विणलेली. ते या साडीबाबत खरं नव्हतं. पदर तसा होता, काठ नव्हता. पुठ्ठे पुसले असते तर वाक्य टिकलं असतं आणि छायाचित्र खोटं झालं असतं. मी म्हटलं, वाक्य बदला. "काठ पुठ्ठ्यावर, पदर तिल्लीवर" असं लिहा, गिऱ्हाईकाला ते कळेल. काकांना विचारलं तर त्यांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "जे हाय ते लिहा. पदराची मेहनत त्याच्यानं कमी होत नाही." वाक्य बदललं.

नावाबद्दल मी पहिल्याच दिवशी बोललो होतो. छायाचित्राखाली नाव येईल का, कसं लिहायचं, वडिलांचं नाव लावायचं का, हे त्यांना विचारलं. त्यांनी वडिलांचं नाव लावायला सांगितलं, कारण माग वडिलांनी बसवला होता. कांड्या भरणाऱ्या काकूंचंही नाव यावं असं ते म्हणाले आणि ते आलं. ती दोन्ही नावं त्या छायाचित्राखाली आहेत, म्हणून इथे लिहीत नाही. पैशांबद्दलही आधीच बोललो. विणकराला विणलेल्या कापडाचे पैसे मिळतात, बसलेल्या वेळेचे नाही. माझ्यामुळे दोन दिवसांत जेवढा पदर मागे पडला, तेवढ्याचा मोबदला उद्योगाने वेगळा दिला. बारीक नक्षीचा पदर दिवसाला थोडे इंचच सरकतो, त्यामुळे ती रक्कम उद्योगाला मोठी नव्हती. पण ती हिशेबात धरलेली आहे हे कळल्यावर काकांची बैठक सैल झाली, आणि तो फरक दुसऱ्या दिवशीच्या छायाचित्रांत दिसतो.

माहितीपत्रक छापायच्या आधी मी ते छायाचित्र येवल्यातल्या आणखी एका विणकराला दाखवलं, काकांना न ओळखणाऱ्या. छायाचित्र उलटं तर छापलं जात नाही ना, काही चुकलं तर नाही ना, एवढंच पाहायचं होतं. त्यांनी ते हातात धरलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "मोराची मान आताच बसवलीय ह्यांनी. पुढची ओळ हिरव्याची."

विणकराचं छायाचित्र काढायला जाणार असाल, तर छापायच्या आधी ते एका अनोळखी विणकराला नक्की दाखवा.